बर्फाच्या लाद्या तीस की चाळीस? मक्तेदारीच्या आकृतीतला चुकीचा ठिपका

परीक्षेचा मोसम आला की माझ्याकडे अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा येतो आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो, मक्तेदार किती माल काढेल म्हणजे त्याचा नफा सगळ्यात जास्त होईल. आकृत्या बघाल तर एकेक सुबक, स्केलने मारलेल्या रेषा, शेडिंगसुद्धा केलेलं. आणि उत्तरं? कुणाचं ३०, कुणाचं ४०, कुणाचं २०, एखाद्याचं ७०. प्रश्न एकच, आकडे एकच, तरी चार उत्तरं. पालक विचारतात, अहो सगळी आकृती बरोबर आहे, मग मार्क कुठे गेले? मार्क जातात एका ठिपक्यावर. कागदावर चार रेषा एकमेकींना चार-पाच ठिकाणी कापतात आणि पोरगा नेमका दुसऱ्याच ठिकाणावरून खाली रेघ ओढतो.

आता गंमत अशी की हे चुकीचे ठिपके तसे निरर्थक नसतात, प्रत्येक ठिपका कुठल्यातरी प्रश्नाचं बरोबर उत्तर असतो, फक्त पेपरात तो प्रश्न विचारलेला नसतो. हे एकदा लक्षात आलं की तपासणं सोपं होतं आणि स्वतःची चूक पकडणंही.

## आधी एक बर्फ कारखाना घेऊ

समजा एका छोट्या बंदरावर एकच बर्फ कारखाना आहे. बोटींना मासळीसाठी बर्फ लागतोच आणि दुसरीकडून आणायचा तर वाटेतच वितळतो, म्हणजे कारखानदार हा पक्का मक्तेदार, त्या बाजारात एकटाच विकणारा. (आकडे मुद्दाम लहान घेतलेत, तोंडी हिशोब करता यावा म्हणून.)

```
P  = 140 - Q
TC = 400 + 20Q + Q²
MR = 140 - 2Q
MC = 20 + 2Q
```

पहिली ओळ मागणीची. रोज ३० लाद्या खपवायच्या तर लादीचा भाव ११० रुपये ठेवावा लागेल, ३१ खपवायच्या तर १०९. दुसरी ओळ एकूण खर्चाची, त्यातले ४०० रुपये रोजचे ठरलेले, भाडं, वॉचमन वगैरे, लादी एक काढा नाहीतर पन्नास काढा ते जाणारच. बाकीचा खर्च लाद्यांबरोबर वाढतो आणि जरा जास्तच वेगाने वाढतो, कारण मशिन दामटवलं की वीज जास्त खातं, रात्रपाळीला ओव्हरटाइम द्यावा लागतो.

एमआर म्हणजे सीमांत प्राप्ती, अजून एक लादी विकल्यावर गल्ल्यात खरोखर किती भर पडली ते. एमसी म्हणजे सीमांत खर्च, ती एक जादा लादी काढायला किती पैसे जादा गेले ते. तिसरा शब्द एसी, खोलीतला नाही, सरासरी खर्च, म्हणजे एकूण खर्च भागिले लाद्या. एवढे तीन शब्द पुरेत.

आता सगळा घोळ जिथून सुरू होतो ती गोष्ट. ३१वी लादी १०९ ला विकली म्हणजे गल्ल्यात १०९ आले का? नाही आले. कारण भाव सगळ्यांना एकच, त्यामुळे आधीच्या ३० लाद्या ज्या ११० ला जात होत्या त्याही आता १०९ ला जाणार, तिथे ३० रुपये गेले. खरी भर १०९ वजा ३०, म्हणजे ७९. म्हणून मक्तेदाराची एमआर रेषा मागणीच्या रेषेच्या खाली असते आणि दुप्पट उताराने खाली येते. मागणीची रेषा आडव्या अक्षाला १४० वर टेकते तर एमआर ७० वर, बरोब्बर अर्ध्यावर. आकृती तपासताना मी आधी हेच बघतो, एमआर अर्ध्यावर टेकलेली नसेल तर पुढचा छेद कितीही प्रामाणिकपणे वाचला तरी तो चुकणारच.

आणि ३१वी लादी काढायला जादा खर्च किती? ३० लाद्यांचा एकूण खर्च १९००, ३१ चा १९८१, म्हणजे ८१. आले ७९, गेले ८१. कोण काढेल ही लादी? उलट ३०वी बघा, तिने भर घातली ८१ ची आणि खर्च केला ७९. ती काढायलाच हवी. म्हणजे मुक्काम ३० वर, जिथे एमआर आणि एमसी दोन्ही ८० ला भेटतात. नफा ३३०० वजा १९००, म्हणजे १४००. २९ वर किंवा ३१ वर करून बघा, दोन्हीकडे १३९८ येतो.

हीच माझी तपासायची पद्धत, एक पाऊल पुढे आणि एक पाऊल मागे. उत्तर जे काही आलंय त्याच्या पुढची लादी आणि त्या उत्तरातली शेवटची लादी, दोघींचा जमाखर्च मांडायचा. आता याच कसोटीवर एकेक चुकीचं उत्तर घेऊ.

## चाळीस लिहिणाऱ्याने काय केलं

सगळ्यात जास्त पोरं इथे पडतात. एमसीची रेषा वर चढत जाते, आधी एमआरला कापते आणि पुढे मागणीच्या रेषेला कापते. मागणीची रेषा ठळक असते, तिच्यावरचा छेद डोळ्यात भरतो, झालं, तिथून रेघ खाली. भाव १००, एमसी १००, लाद्या ४०.

मागच्या पायरीने तपासा. ४०वी लादी १०० ला विकायची तर आधीच्या ३९ लाद्यांवर एकेक रुपया सोडावा लागला, म्हणजे भर पडली ६१ ची. खर्च? ४० लाद्यांचा २८०० आणि ३९ चा २७०१, म्हणजे ९९. एका लादीवर ३८ रुपयांचा खड्डा. एकूण नफा १२००, म्हणजे ३० वरच्यापेक्षा २०० कमी.

ही चूक होते का, तर त्याच्या आधीचा धडा पूर्ण स्पर्धेचा असतो. तिथे विकणारे शेकडो, एकट्याने कितीही माल आणला तरी भाव हलत नाही, म्हणून भाव आणि एमआर एकच आणि 'भाव बरोबर एमसी' हे तिथे बिनधास्त चालतं. पोरगं तेच पाठ करून पुढच्या धड्यात येतं. मी याला कधी शून्य देत नाही, कारण ४० हे पण उत्तर आहे, फक्त वेगळ्या प्रश्नाचं. बोटवाले आणि कारखानदार मिळून सगळ्यांचं भलं कुठे होतं असं विचारलं तर उत्तर ४०. एकतिसाव्या लादीसाठी बोटवाला १०९ द्यायला तयार आहे आणि ती काढायला खर्च ८१ च येतो, तरी ती निघत नाही. मक्तेदारीवर जो राग आहे तो याच दहा लाद्यांवरचा आहे.

## वीस लिहिणारा काटकसरी

याने एसीचा वक्र काढला, तो वाडग्यासारखा खाली जाऊन परत वर येतो, त्याचा तळ सापडला २० वर आणि तिथेच एमसीची रेषा त्याला कापते. लादीमागे खर्च सगळ्यात कमी, ६० रुपये. मग नफा इथेच जास्त ना? ऐकायला पटतं. दुकानदारसुद्धा असंच बोलतात की पडता कमी तिथे फायदा जास्त.

पण मोजा. २० लाद्यांचा भाव १२०, लादीमागे नफा ६०, एकूण १२००. ३० लाद्यांवर लादीमागे नफा साधारण ४६ रुपये ६७ पैसेच पडतो, पण एकूण १४००. घरी न्यायचा तो एकूण आकडा, लादीमागचा नाही. पुढचं पाऊल टाकून बघा, २१वी लादी ९९ ची भर घालते आणि ६१ खाते. ३८ रुपये समोर पडलेत आणि हा तळ गाठला म्हणून थांबलाय.

या तळाची ओढ मोठमोठ्यांनाही असते बरं का. जेकब व्हायनर हा नावाजलेला अर्थशास्त्रज्ञ, त्याने १९३१ च्या लेखात आकृती काढणाऱ्याला सांगितलं की दीर्घकाळाचा सरासरी खर्चाचा वक्र असा काढ की तो अल्पकाळाच्या प्रत्येक वक्राच्या तळातून जाईल आणि तरीही कुठल्याच वक्राच्या वर जाणार नाही. आकृती काढणारा गणितातला होता, तो म्हणाला असं जमत नाही. व्हायनरने ऐकलं नाही, लेख तसाच छापून आला आणि पुढे त्याने स्वतःच लिहून चूक मान्य केली. तेव्हा बारावीच्या पोराने तळाला हात लावला तर मी फार चिडत नाही.

## सत्तर, आणि हे कधी बरोबर असतं

सत्तर म्हणजे एमआर जिथे आडव्या अक्षाला टेकते ती जागा. तिथे गल्ला सगळ्यात मोठा, ४९००. पण खर्च ६७००, म्हणजे १८०० रुपयांचा तोटा. विक्री आणि नफा यात गल्लत झाली एवढंच.

आता हेच उत्तर बरोबर ठरेल असा एक प्रसंग आहे. फ्रान्सच्या कूर्नोने १८३८ मध्ये मक्तेदारीचा हिशोब मांडला तेव्हा उदाहरण घेतलं खनिज पाण्याच्या झऱ्याचं. पाणी आपोआप येतंय, मालकाला काढायचा खर्च शून्य. एमसी शून्य असेल तर एमसीची रेषा म्हणजे आडवा अक्षच, मग एमआर बरोबर एमसी हा ठिपका अक्षावरच येणार. नियम बदलला नाही, एमसी जमिनीवर आली. म्हणून प्रश्नात खर्चच दिला नसेल तर ७० बघून लगेच लाल शाई लावू नका.

## ठिपका बरोबर, भाव चुकीचा

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते कारण अर्धं उत्तर बरोबर असतं. पोरगा ३० बरोबर काढतो आणि भाव लिहितो ८०, कारण छेद ८० च्या उंचीवर आहे ना. तिथून डावीकडे आडवी रेघ मारली, झालं.

छेदावरून फक्त खालीच यायचं असतं, लाद्या किती ते बघायला. भाव बघायचा तर त्याच उभ्या रेघेने वर जाऊन मागणीच्या रेषेला भिडायचं आणि मग डावीकडे वळायचं. गिऱ्हाईक किती देईल ते मागणीची रेषा सांगते, एमआर रेषेला गिऱ्हाईक ओळखतसुद्धा नाही, ती कारखानदाराच्या वहीतली आतली गोष्ट आहे.

पडताळा अगदी सोपा, लिहिलेला भाव मागणीत परत घाला. ८० भावाला बोटवाले मागतील ६० लाद्या. तुम्ही काढल्यात ३०. म्हणजे कारखान्याबाहेर रांग लागलीय आणि तीस लाद्यांची गिऱ्हाइकं हात हलवत परत चाललीत, एकटा मक्तेदार असं होऊ देईल का? ११० घालून बघा, मागणी बरोबर ३०. आणि भाव ८० धरला की नफाही १४०० ऐवजी ५०० येतो, म्हणजे एका आडव्या रेघेत ९०० रुपये गायब.

## "पण छेदाला दोन्ही सारखे, मग नफा शून्यच झाला की"

हा आक्षेप वर्गात दरवर्षी येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा हुशार असतो. एमआर ८०, एमसी ८०, वजाबाकी शून्य, मग नफा कुठून आला?

शून्य आहे तो त्या शेवटच्या टोकावरचा जादा नफा. पहिली लादी घ्या, ती १३९ आणते आणि २१ खाते, ११८ शिल्लक. दुसरी १३७ आणते आणि २३ खाते, ११४ शिल्लक. अशी शिल्लक चार-चार रुपयांनी कमी होत तिसाव्या लादीला २ वर येते. ही सगळी जमा करा, १८०० होतात, त्यातून ठरलेले ४०० गेले की १४००. बादली नळाखाली लावली आणि धार बारीक होत होत थांबली, तर धार शून्य झाली म्हणून बादली रिकामी म्हणायची का? उलट धार थांबली तेव्हाच ती सगळ्यात भरलेली असते.

## छेद दोन असले तर

आपल्या बर्फात एमसी सरळ चढती होती म्हणून छेद एकच. पण खरा एमसी बऱ्याचदा आधी उतरतो मग चढतो, आणि मग तो एमआरला दोनदा कापतो. यासाठी मक्तेदार सोडा, नाक्यावरचा वडापाव गाडीवाला घ्या, एका घाण्याचे त्याला २०० रुपये मिळतात, भाव ठरलेला, म्हणून एमआर कायम २००. पहिल्या घाण्याला तेल तापवण्यातच गॅस जातो, खर्च २८०. मग पुढच्या घाण्यांचा २००, १४०, १२०, १६०, २०० आणि सातव्याचा २६०, कारण तोवर जादा पोऱ्या लावावा लागतो.

दोनशेला दोनशे दोनदा भेटतात, दुसऱ्या घाण्याला आणि सहाव्याला. दुसऱ्यावर थांबला तर जमा ४००, खर्च ४८०, ८० चा तोटा, दिवसातला सगळ्यात मोठा. सहाव्यावर थांबला तर जमा १२००, खर्च ११००, शंभर सुटले. म्हणजे फक्त 'सारखे झाले' बघून चालत नाही, त्या ठिपक्याच्या पुढे एमसी वर गेला पाहिजे. तक्त्यातून उत्तर काढणारे पहिली जुळणारी ओळ दिसली की पेन खाली ठेवतात, तेव्हा निदान अजून दोन ओळी खाली बघत जा. (पाच घाण्यांवरही शंभरच सुटतात, तक्त्यात हे चालतं, प्रथेप्रमाणे मोठी संख्या लिहितात.)

## "ठरलेला खर्च वाढला तर उत्तर बदलेल ना?"

नाही, आणि इथेच चुकीचा ठिपका पकडायची माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे. भाडं वगैरे ४०० चं ९०० करा. भाडं लाद्या मोजत नाही, त्यामुळे एमआर तीच, एमसी तीच, उत्तर ३० च, फक्त नफा १४०० वरून ९०० वर आला. पण एसीच्या तळावर बसलेल्याचं उत्तर हललं. भाडं वाढल्यावर ज्याचं उत्तर सरकलं तो एसी बघतोय हे नक्की.

भाडं १६०० केलं तर तळ थेट ४० वर जातो आणि तिथे एसीही १००, भावही १००, नफा शून्य. तर ३० वर अजून २०० रुपये सुटतायत. आणि भाडं १८०० च्या वर गेलं तर? तेव्हा तोटाच आहे, पण अल्पकाळात कारखाना ३० लाद्याच काढेल, कारण भाव ११० आणि भाडं सोडून लादीमागे खर्च ५०, निदान भाड्याचा मोठा भाग तरी वसूल होतो. बंद ठेवला तर भाडं पूर्ण अंगावर.

आता त्या ९०० मध्ये एक सापळा आहे. ९०० ला एसीचा तळ नेमका ३० वर येतो. म्हणजे ज्याने तळ बघितला त्याचंही उत्तर ३० आणि ज्याने एमआर-एमसी बघितलं त्याचंही ३०. एका वर्षी सरावाच्या पेपरात मीच न बघता असे आकडे घातले आणि अख्खा वर्ग बरोबर आला, मी खूश. पुढच्या पेपरात फक्त भाडं बदललं तर त्यातले कितीतरी जण तळाबरोबर सरकले. तेव्हापासून नुसत्या ३० ला मी पूर्ण मार्क देत नाही, ठिपक्याशेजारी कुठल्या दोन रेषा ते लिहायला सांगतो, आणि ज्याचा ठिपका चुकला पण त्याने भाव मात्र मागणीच्या रेषेवरून वाचला त्याला त्या पायरीचे मार्क देतो.